विमान रद्द, बॅग गहाळ : मागणीचा आकडा कसा काढायचा

प्रश्न : "दिल्लीहून छत्रपती संभाजीनगरला येत होतो, मी आणि बायको. बॅगा काउंटरवर दिल्यावर तासाभराने विमान रद्द झाल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याच कंपनीच्या विमानाने मुंबईमार्गे आलो, पण बायकोची बॅग आलीच नाही. आज २६ दिवस झाले. कंपनी बॅगेचे वजनावर ४,५५० रुपये आणि विमान रद्दबद्दल ३,००० चं व्हाउचर देते म्हणते. मी दोघांचे दहा-दहा हजार आणि बॅगेचे साठ हजार मागणार आहे. बरोबर आहे का? परभणीहून दिल्लीला खेटे घालणं जमणार नाही. तिकिटाचं पान, बिलं आणि सामानाची यादी जोडली आहे."

दादा, आधी एक काम करा. व्हाउचरच्या मेलला 'मान्य' असं उत्तर देऊ नका आणि कशावरही सही करू नका. पाच वर्षांपूर्वी माझी बॅग हरवली तेव्हा मी अशाच एका कागदावर सही केली. खाली बारीक अक्षरात 'पूर्ण व अंतिम तडजोड' असं लिहिलेलं होतं, ते घरी आल्यावर वाचलं. पुढे हातात बिलं असूनही मला काही मागता आलं नाही. विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या डीजीसीए या सरकारी संस्थेचा नियम स्पष्ट आहे : भरपाई रोख किंवा बँकेतून द्यायची, व्हाउचर द्यायचं तर प्रवाशाची सही घेऊनच. म्हणजे व्हाउचर नाकारणं हा तुमचा हक्क आहे.

आता आकडा. कंपनीचा कमी आहे आणि तुमचा फुगलेला आहे. फुगलेला आकडा टाकला की त्यांचा वकील तेवढंच धरून बसतो आणि जे खरं देणं आहे तेही लांबतं. तुमच्या प्रकरणात तीन वेगळी खाती आहेत, ती एकमेकांत मिसळू देऊ नका.

पहिलं खातं विमान रद्द झाल्याचं. सुटायच्या वेळेआधी २४ तासांच्या आत रद्द झाल्याचं कळवलं, तर पर्यायी विमान किंवा तिकिटाचे पैसे द्यावेच लागतात आणि त्यावर भरपाईही द्यावी लागते. तुम्ही पर्यायी विमान घेतलंत म्हणून भरपाईचा हक्क जात नाही. भरपाईचे तीन टप्पे आहेत. वेळापत्रकातला प्रवास एक तासापर्यंतचा असेल तर ५,००० रुपये, एक ते दोन तासांचा असेल तर ७,५०० आणि दोन तासांहून जास्त असेल तर १०,०००. तुमच्या तिकिटावर सुटायची वेळ ६:४० आणि पोहोचायची ८:४५ आहे. दोन तास पाच मिनिटं, म्हणून तुम्ही दहा हजारांच्या टप्प्यात बसता. इथवर तुमचं बरोबर आहे.

पण त्या नियमात पुढे लिहिलं आहे, 'हा आकडा किंवा एकेरी प्रवासाचं मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांपैकी जे कमी असेल ते'. बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो. तिकिटाच्या पानावर खाली भाड्याची फोड असते, ती पाहा. तुमच्या तिकिटावर माणशी ५,८२० रुपये एकूण आहेत, पण त्यात विमानतळाचा विकास आकार, सुरक्षा शुल्क आणि जीएसटी हे सगळं आलं. मूळ भाडं ४,२५० आणि इंधन आकार ४०० आहे. धरायचे ते एवढेच : ४,६५०. दहा हजारांपेक्षा हे कमी, म्हणून माणशी ४,६५० आणि दोघांचे ९,३००. स्वस्तातलं तिकीट घेतलेल्या माणसाला भरपाईही कमीच मिळते. मला हे पटत नाही, पण नियम तसा आहे.

आता 'हवामानामुळे रद्द' ही त्यांच्या मेलमधली ओळ. हवामान, एटीसी म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाची अडचण, पूर, दंगल, संप, सरकारी आदेश अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांसाठी भरपाई लागू होत नाही. मात्र तुम्हीच लिहिलंय की काउंटरवर 'ऑपरेशनल कारण' सांगितलं होतं आणि हवामान चार दिवसांनी मेलमध्ये आलं. कारण असं बदललं की तेच धरून ठेवायचं. त्या संध्याकाळी सहा ते आठच्या दरम्यान दिल्लीहून बाकीची विमानं सुटली का, हे विमानांचा माग दाखवणाऱ्या साइटवर पाहा. फार जुन्या तारखा त्या फुकटात दाखवत नाहीत, म्हणून स्क्रीनशॉट आजच काढा. दुसरं, तुमचं विमान त्याआधी कुठून यायचं होतं ते पाहा. ते दिल्लीत पोहोचलंच नसेल किंवा दुसऱ्या मार्गावर वळवलं असेल, तर दिल्लीच्या हवामानाचा मुद्दा टिकेलच असं नाही. मेलमध्ये एकच वाक्य विचारा : रद्द करण्याचं नेमकं कारण आणि त्याची नोंद लेखी द्या.

दुसरं खातं त्या रात्रीच्या खर्चाचं. वेळेवर हजर झालेल्या प्रवाशाला पर्यायी विमानाची वाट पाहताना खाणं-पिणं देणं आणि रात्र काढावी लागली तर हॉटेल देणं कंपनीचं काम आहे. तुम्हाला काहीच दिलं नाही. हॉटेलचं बिल २,६०० आणि जेवणाचं ६४०, दोन्ही बिलांवर तारीख आहे. हे ३,२४० जसेच्या तसे मागा. बिलाशिवायचा रिक्षा-चहाचा खर्च यात घालू नका.

तिसरं खातं बॅगेचं, आणि खरी लढाई इथेच आहे.

बॅग का हरवली असेल ते आधी सांगतो, कारण तक्रारीत ते लिहायचं आहे. विमान रद्द झालं की पोटात गेलेल्या बॅगा उतरवून परत पट्ट्यावर आणतात. तुमच्या बॅगेवरच्या टॅगवर जुनं विमान आणि थेट IXU, म्हणजे चिकलठाणा, असं छापलेलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही मुंबईमार्गे निघालात. तुमच्या बॅगेला नवा टॅग लागला, बायकोच्या बॅगेला लागला नसावा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत तुमच्या टॅगच्या तुकड्यावर दुसऱ्या दिवसाची तारीख आहे आणि वहिनींच्या तुकड्यावर आदल्या दिवशीची. त्यांच्या हाती बॅग असताना ही चूक झाली याचा याहून चांगला पुरावा नाही.

बॅग ज्या दिवशी पोहोचायला हवी होती तिथून २१ दिवस उलटले की कायद्याने ती हरवली असं धरून हक्क मागता येतो. तुमचे २६ झालेत. 'अजून शोध चालू आहे' या उत्तरावर आता थांबायचं कारण नाही.

देशांतर्गत प्रवासात बॅग हरवली, उशिरा आली किंवा खराब झाली, तर कंपनीची जबाबदारी माणशी २०,००० रुपयांपर्यंत आहे. कॅरेज बाय एअर ॲक्ट, १९७२ खाली केंद्र सरकारने २०१४ मध्ये ही मर्यादा ठरवली. त्याआधी ती किलोमागे ४५० रुपये होती. कंपनीचे ४,५५० म्हणजे १३ किलोला ३५० चा दर, आणि तो त्यांच्या स्वतःच्या अटींतला आहे. कायद्याने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा कमी मर्यादा घालणारी अट त्याच कायद्यानुसार रद्दबातल ठरते. हे वाक्य तुमच्या पत्रात असलंच पाहिजे.

पण २०,००० ही मर्यादा आहे, ठरलेली रक्कम नव्हे. आत किती रुपयांचं सामान होतं ते तुम्हाला दाखवावं लागेल. तुमच्या यादीवर मी असा हिशेब करीन. पैठणी १४,५०० ची, पैठणच्या दुकानाचं बिल आहे, दोनदा नेसलेली, म्हणून १३,०००. दोन साड्या ५,२०० च्या, यूपीआयची नोंद आहे, ४,००० धरा. ट्रॉली बॅग ३,८०० ची, तीन वर्षं वापरलेली, २,५००. रोजचे कपडे, चपला, चार्जर तुम्ही ६,००० लावलेत, बिल कशाचंच नाही, निम्मे म्हणजे ३,०००. बेरीज २२,५००. मर्यादा ओलांडली, म्हणून मागणी पूर्ण २०,००० ची. झीज तुम्ही स्वतःच वजा केलीत की यादीवर विश्वास बसतो. लग्नातला वहिनींचा पैठणीतला फोटो असेल तर तोही जोडा.

राहिले ३१,००० चे कानातले. त्यांचं वाईट वाटतं, पण ते सोडून द्या. दागिने आणि रोकड चेक-इन बॅगेत ठेवू नका असं कंपन्यांच्या अटींत असतं, आणि मर्यादा तशीही भरली आहे. काउंटरवर सामानाची जादा किंमत लिहून देऊन जादा आकार भरला असता, तरच मर्यादा वाढली असती.

तर एकूण ९,३०० अधिक ३,२४० अधिक २०,००० : ३२,५४० रुपये. मनस्ताप आणि तक्रारीचा खर्च ग्राहक आयोगाकडे गेलात तर वेगळ्या ओळीत मागायचा. तो किती द्यायचा हे आयोगाच्या हातात असतं, म्हणून या बेरजेत तो घुसवू नका.

आता वाट. कंपनीच्या साइटवर तक्रारी पाहणारा नोडल अधिकारी आणि त्यावरचा अपील अधिकारी यांचे मेल पत्ते असतात. कस्टमर केअरशी बोलणं बंद करा आणि थेट नोडल अधिकाऱ्याला लिहा. बॅग आली नाही म्हणून चिकलठाण्याला केलेल्या लेखी नोंदीचा, म्हणजे पीआयआरचा, दहा अक्षर-अंकी क्रमांक विषयाच्या ओळीतच टाका. मजकूर एवढाच :

"आमची मागणी : विमान रद्द ९,३०० (४,६५० × २), हॉटेल व जेवण ३,२४०, बॅग २०,०००, एकूण ३२,५४०. व्हाउचर मान्य नाही. रक्कम १५ दिवसांत बँक खात्यात जमा करावी, अन्यथा जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करू."

सोबत एअरसेवा या सरकारच्या तक्रार पोर्टलवर तीच तक्रार टाका. तिथून पैसे देण्याचा हुकूम निघत नाही, पण कंपनीला लेखी उत्तर द्यावं लागतं आणि ते उत्तर पुढे उपयोगी पडतं.

पंधरा दिवसांत काही झालं नाही तर परभणीच्याच जिल्हा ग्राहक आयोगात जा. तिकिटाच्या अटींत कोणत्याही मोठ्या शहराच्या कोर्टाचं नाव असो, २०१९ च्या ग्राहक कायद्याने तक्रारदार राहतो तिथे तक्रार करता येते. तुम्ही दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत आहे, म्हणून शुल्क शून्य. तक्रार ऑनलाइनही दाखल होते आणि वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची आहे, तरी दोन महिन्यांच्या पुढे ढकलू नका. नोटीस मिळाल्यावर कंपनीला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात. माझ्या पाहण्यात अशा छोट्या प्रकरणांत पुष्कळदा याच काळात फोन येतो. तेव्हा तोंडी काही कबूल करू नका, मेलवर पाठवा म्हणा, आणि रक्कम जमा झाल्याशिवाय तक्रार मागे घेऊ नका.

आणि आज रात्रीच बोर्डिंग पास आणि दोन्ही टॅगचे तुकडे सपाट ठेवून, तारीख वाचता येईल असे, उजेडात फोटो काढा. तो उष्णतेवर छापणारा कागद असतो. पाकिटात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर राहिला तर आपल्याकडच्या उन्हात दोन-तीन महिन्यांत कोरा होतो. वहिनींच्या टॅगवरची ती आदल्या दिवशीची तारीख कोरी होऊ देऊ नका.