‘आम्ही’ की ‘आपण’: ऐकणाऱ्याला आत घेणारे सर्वनाम

प्रश्न: “माझे हिंदीभाषक सहकारी मराठी शिकत आहेत. ‘चला, आम्ही जेवायला जाऊ’ असे ते म्हणतात, तेव्हा ते चूक आहे हे मला कळते, पण का ते सांगता येत नाही. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद फक्त मराठीतच आहे का? आणि समोरच्याला आदराने बोलतानाही आपण ‘आपण’च का म्हणतो?”

उत्तर: बोलणारा जेव्हा स्वतःसह एकाहून अधिक माणसांविषयी बोलतो, तेव्हा त्या गटात ऐकणारा आहे की नाही, हे मराठीला सर्वनामातच सांगावे लागते. ऐकणारा गटात असेल तर ‘आपण’, नसेल तर ‘आम्ही’. भाषाशास्त्रात या दोन रूपांना श्रोतृसमावेशक आणि श्रोतृवर्जक अशी नावे देता येतील. ‘चला’ म्हणून समोरच्याला सोबत बोलवायचे आणि लगेच ‘आम्ही’ म्हणून त्याला दाराबाहेर ठेवायचे, असा विरोध आपल्या सहकाऱ्यांच्या वाक्यात झाला आहे. त्यांना समजावण्यासाठी एक सोपी कसोटी देता येईल. ‘जाऊ या’, ‘बसू या’ यांतला ‘या’ ऐकणाऱ्याला सामील करून घेतो, म्हणून ‘आपण जाऊ या’ हे वाक्य होते आणि ‘आम्ही जाऊ या’ हे होत नाही. त्याचप्रमाणे ‘आपण जाऊ या का?’ हा प्रस्ताव आहे, तर ‘आम्ही जाऊ का?’ ही परवानगीची विचारणा आहे. हिंदीत या दोन्ही ठिकाणी ‘हम’ चालतो, त्यामुळे त्यांना ही भिंत दिसत नाही. (भोपाळ-इंदूरकडच्या बोलचालीत मात्र ‘अपन चलते हैं’ सर्रास ऐकू येते. सहकारी तिकडचे असतील तर काम सोपे आहे.)

येथे गट तोच राहतो आणि सर्वनाम बदलते, हे लक्षात घ्यावे. एसटीत आई कंडक्टरला म्हणते, “आम्हाला दोन फुल, एक हाफ द्या,” आणि त्याच दमात मांडीवरच्या मुलाला सांगते, “आपल्याला शेवटच्या स्टॉपला उतरायचंय.” माणसे तीच तीन आहेत. कंडक्टर त्या तिघांत नाही, मुलगा आहे, एवढाच फरक. म्हणून ‘आपण’चा अर्थ ‘सगळे’ असा नाही. तिसरे कोणी गटात असो वा नसो, ज्याच्याशी बोलणे चालू आहे तो आत असला की पुरे.

या भेदाची धार सर्वांत जास्त जाणवते ती घरात. नव्या सुनेला सासूबाई “आपल्या घरी पुरणपोळी गुळाची करतात” असे म्हणाल्या तर ती माहिती असते. “आमच्या घरी पुरणपोळी गुळाची करतात” असे म्हणाल्या तर तीच माहिती टोमणा होते. शब्द कठोर नाही, आवाज चढलेला नाही, तरी सून मनात नोंद करते. उलट बाजूनेही तसेच: लग्नाला चार वर्षे झाल्यावर सून माहेराबद्दल ‘आमच्याकडे’ म्हणते, तेव्हा समोरच्यांना ते खटकते, कारण सासरच्या माणसांसमोर माहेराचा उल्लेख ‘आपल्याकडे’ असा करता येत नाही आणि ‘आमच्याकडे’ म्हटले की ऐकणारे आपोआप बाहेर पडतात. भाषा तिसरा पर्याय देतच नाही. फार तर ‘माहेरी’ म्हणून सर्वनामच टाळता येते.

हा भेद मराठीची मिरासदारी नाही. गुजरातीत ‘अमे’ आणि ‘आपणे’, मारवाडीत ‘म्हे’ आणि ‘आपां’ आहेत. दक्षिणेला तेलुगूत ‘मेमु’ आणि ‘मनमु’, तमिळमध्ये ‘नांगळ्’ आणि ‘नाम्’, मल्याळममध्ये ‘ञङ्ङळ्’ आणि ‘नम्मळ्’. संस्कृतातल्या ‘वयम्’मध्ये हा भेद नव्हता, म्हणून मराठी-गुजरातीत तो द्राविडी भाषांच्या सहवासाने आला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात आणि मलाही ते पटते. गंमत अशी की आपल्याला लागून असलेल्या कन्नडच्या आजच्या प्रमाण रूपात ‘नावु’ हा एकच शब्द उरला आहे. मुंडा कुळातली संताळी याहून पुढे जाते, कारण तिथे दोघांचा गट आणि अनेकांचा गटही वेगळा मोजला जातो: ‘अलाङ’ म्हणजे मी आणि तू, ‘अलिञ’ म्हणजे मी आणि तो, ‘अबो’ म्हणजे तुझ्यासह आपण सगळे, ‘अले’ म्हणजे तुला सोडून आम्ही सगळे. मेळघाटातली कोरकू याच कुळातली आहे.

युरोपीय अभ्यासकांना हा भेद नवा होता. त्याचे पहिले छापील वर्णन 1560 साली आले. दोमिंगो दे सांतो तोमास या स्पॅनिश धर्मोपदेशकाने पेरूमधील केचुआ भाषेचे व्याकरण लिहिले, त्यात ‘न्योकान्चिक’ (आपण) आणि ‘न्योकायकु’ (आम्ही) यांतला फरक नोंदवला गेला. धर्मप्रसारकाला याची गरज का पडली असेल, हे प्रार्थनेवरून सहज कळते. स्पॅनिशमध्ये देवाला ‘आमचा पिता’ म्हणायचे असो की भक्तांना ‘आपला प्रभू’ म्हणून सांगायचे असो, शब्द एकच. केचुआत मात्र निवडावे लागते. प्रार्थनेत ऐकणारा स्वतः देव आहे आणि तो काही स्वतःच्या लेकरांच्या गटात मोडत नाही, म्हणून तिथे वर्जक रूप हवे: ‘यायायकु’, म्हणजे आमच्या पित्या. पण भक्तांशी बोलताना ख्रिस्ताचा उल्लेख करायचा तर तो बोलणाऱ्याचा आणि ऐकणाऱ्याचाही प्रभू, म्हणून ‘आपुन्चिक’. (या शब्दात ‘आपु’ म्हणजे प्रभू आणि ‘न्चिक’ म्हणजे आपला, आपल्या ‘आपण’शी दिसणारे साम्य निव्वळ योगायोगाचे आहे.) मराठी ख्रिस्ती परंपरेनेही नेमकी हीच निवड केलेली दिसते: प्रार्थनेत ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ आणि मंडळीशी बोलताना ‘आपला प्रभू येशू ख्रिस्त’. दोन भाषांमध्ये काही संबंध नसताना उत्तर एकच आले, कारण ते सर्वनामाच्या तर्कातूनच निघते.

आता आदरार्थी ‘आपण’. मुळात हा शब्द ‘आम्ही’चा भाऊ नाहीच. ‘आम्ही’ हे प्रथमपुरुषाचे जुने सर्वनाम आहे, तर ‘आपण’ संस्कृत ‘आत्मन्’पासून प्राकृत ‘अप्पण’मार्गे आलेला आहे आणि त्याचा मूळ अर्थ ‘स्वतः’ एवढाच. ‘आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला’ या म्हणीत ना मी आहे, ना तू आहे. कोणीतरी स्वतः दुसऱ्याला हसतो आहे. ‘स्वतः’ या शब्दाला पुरुष नसतो, त्यामुळे तो कोणाच्याही जागी बसू शकतो. माझे आणि तुझे मिळून जे ‘स्वतः’, ते झाले समावेशक ‘आपण’. ‘तू’ किंवा ‘तुम्ही’ असे बोट न दाखवता समोरच्याला त्याच्याच ‘स्वतः’ने संबोधले, तर तो आदर झाला. शिवाय ‘आपण आजारी आहोत असे त्याने कळवले’ या वाक्यात जुना अर्थ जिवंत आहे. इथे आजारी तो आहे, आपण दोघे नव्हे. मुंबईच्या हिंदीतला ‘अपुन’ तर एकट्या ‘मी’पाशीच येऊन थांबला आहे.

एका शब्दावर इतकी कामे पडूनही रोज गोंधळ होत नाही, कारण क्रियापद हात देते. ‘आपण आलो’ म्हटले की तू आणि मी, ‘आपण आलात’ म्हटले की आदराने तुम्ही. ‘आपण कधी येणार?’ हे अर्धवट वाक्य मात्र लटकते. त्यात ‘आहोत’ किंवा ‘आहात’ जोडल्याशिवाय कोण येणार ते ठरत नाही. खरी अडचण सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात येते, कारण तिथे क्रियापद कर्त्याकडे न पाहता कर्माकडे पाहते. ‘आपण पत्र पाठवले’ यातले ‘पाठवले’ हे पत्राचे रूप आहे, पाठवणाऱ्याचे नाही. त्यामुळे पत्र दोघांनी मिळून पाठवले की साहेबांनी, हे वाक्य सांगत नाही.

मागे एका गृहनिर्माण संस्थेच्या पत्रव्यवहारात मी हे प्रत्यक्ष पाहिले. सचिवांनी ठेकेदाराला लिहिले होते: “आपण ठरवल्याप्रमाणे काम पुढील महिन्यात सुरू करावे.” सचिवांच्या मनात ‘तुम्ही आणि आम्ही बसून ठरवले तसे’ असे होते. ठेकेदाराने आदरार्थी ‘आपण’ वाचला, म्हणजे तारीख त्याने ठरवायची, आणि ती त्याने सोयीने ठरवली. दोघांचेही मराठी बरोबर होते. ‘आपल्या बैठकीत’ असे लिहूनही भागले नसते, कारण ‘आपल्या’ हेही त्याच दुखण्याचे. ‘उभयपक्षी ठरल्याप्रमाणे’ असे लिहिले असते तर प्रश्नच आला नसता. कार्यालयीन लेखनात मी म्हणूनच असा नियम पाळतो की एका पत्रात ‘आपण’ एकाच अर्थाने वापरायचा: तो आदरार्थी ठेवला तर दोघांच्या मिळून गोष्टीसाठी ‘उभय’, ‘दोन्ही पक्ष’ किंवा ‘तुम्ही व आम्ही’ असे स्पष्ट शब्द घ्यायचे.

बोलण्याने यावर एक तोड आधीच काढलेली आहे. ‘तुम्ही पत्र पाठवलंत’, ‘आपण फार उपकार केलेत’ यांत शेवटी येणारा ‘त’ कर्माचा नाही; तो समोरच्या माणसाचा आहे आणि जिथे क्रियापद मुके होते नेमके तिथेच तो बोलतो. ‘आपण पत्र पाठवलेत’ असे लिहिले की दोघांचा अर्थ संपतो आणि आदराचा उरतो. औपचारिक लेखनात हा ‘त’ बोलीतला समजून पुष्कळदा गाळला जातो. आदरार्थी ‘आपण’ असलेल्या वाक्यात तरी तो गाळू नये, असे माझे मत आहे. ‘ठरवल्याप्रमाणे’सारख्या कृदंताला मात्र तो लागत नाही, म्हणून त्या सचिवांना त्याचाही उपयोग झाला नसता.