साखरपुड्याच्या जेवणाआधी वरपित्याने काय बोलावं?

*पुढच्या शनिवारी मुलाचा साखरपुडा आहे. जेवण आमच्याकडून आहे, त्यामुळे पंगतीआधी मी दोन शब्द बोलावेत असं सगळ्यांचं म्हणणं. मुलीकडच्या मंडळींना बरं वाटेल असं काय बोलू?*

गेल्या मार्गशीर्षात मी याच जागी उभा होतो. मी दोन पानं लिहून ठेवली होती. आमचं मूळ गाव, आजोबांची वकिली, मुलाचे मार्क, आणि शेवटी टाळ्यांसाठी राखून ठेवलेलं वाक्य: "आम्हाला काही नको, मुलगी आणि नारळ द्या." बायकोने वाचलं आणि म्हणाली, "म्हणजे मागायचा हक्क होता, पण तुम्ही सोडलात, असंच ना?" मी गप्प झालो. हुंडा घेणं १९६१ पासून गुन्हा आहे. तो घेत नाही हे चारचौघांत सांगण्यात कसला मोठेपणा? शिवाय मुलीच्या बापाला मान खाली घालून हसावं लागतं. ते वाक्य काढलं आणि त्याबरोबर आमच्या घराण्याचा इतिहासही गेला. त्या दिवशी आपण यजमान असतो, कौतुक समोरच्यांचं व्हायला हवं.

"मुलगी आता आमचीच झाली" हेही मी खोडलं. आपण प्रेमाने म्हणतो, पण समोर तिची आजी बसलेली असते आणि तिला त्यातलं "तुमची राहिली नाही" एवढंच ऐकू येतं.

मग उरतं काय? त्यांनी आपल्यासाठी केलेली एखादी खरी, बारीक गोष्ट. ती शोधायला मला दोन दिवस लागले. आम्ही पहिल्यांदा लातूरला त्यांच्या घरी गेलो तेव्हा माझ्या आईचे गुडघे दुखत होते. मुलीच्या आईने कुणाला न सांगता आत जाऊन उंच खुर्ची आणली आणि पोह्यांची बशी आईच्या हातात दिली, वाकावं लागू नये म्हणून. बोलण्यात मी एवढंच सांगितलं. साधारण असं झालं:

"नमस्कार. लातूरहून सात तासांचा प्रवास करून तुम्ही सगळे आलात, आजीही आल्या, आमचं घर भरलं. आजी, तुमचा आशीर्वाद मुलांना आधी, आम्हाला नंतर. तुमच्याकडे आलो होतो तेव्हा विहीणबाईंनी माझ्या आईसाठी न सांगता उंच खुर्ची आणून ठेवली होती. घरी परतताना आई गाडीत म्हणाली, 'या घरात माणसांकडे लक्ष असतं.' आमचा होकार तिथेच झाला, पत्रिका नंतर पाहिल्या. व्याहीबुवा, तुमची लेक आमच्याकडे येईल तेव्हा तिचं माहेर मागे राहणार नाही. तुम्ही कधीही या, कळवायची गरज नाही, चहा टाकलेलाच असेल. मामा, स्थळ तुम्ही आणलंत, तेव्हा पहिलं पान तुमचं. चला, मठ्ठा गार आहे तोवर बसू या."

पावणेदोन मिनिटं लागली. तीन मिनिटांपलीकडे जाऊ नका. अंगठ्या, फोटो, ओटी होईपर्यंत नऊ वाजतात आणि पोरं तोवर जिलबीकडे बघत असतात. कागद खिशात ठेवा, पण वाचू नका. फार तर पहिलं आणि शेवटचं वाक्य पाठ असू द्या, मधलं सुचतं.

नावांचं मात्र जपा. एकदा नावं घ्यायला लागलात की थांबायचं कुठे हे कळत नाही आणि ज्याचं राहतं तो रुसतो. म्हणून मी नाती घेतली: आजी, विहीणबाई, व्याहीबुवा, मामा. तरी चूक झालीच. मुलीच्या मोठ्या काकांनी बसची सगळी व्यवस्था केली होती, हे मला माहीत नव्हतं. बोलणं झाल्यावर मुलाने कानात सांगितलं. परत माइक घेऊन दुरुस्ती केली असती तर ते ओशाळले असते. मी वाढप्याच्या हातातली जिलबीची परात घेतली, त्यांच्या पानाशी वाकलो आणि म्हणालो, "काका, बस वेळेवर आली म्हणून अंगठ्या मुहूर्तावर झाल्या." त्यांनी नको नको म्हणत दोन घेतल्या.

तेव्हा आदल्या दिवशी होणाऱ्या सूनबाईंना फोन करा. कोण कोण येतंय, वयाने मोठं कोण आहे, कुणी काय धावपळ केली, हे तिच्याचकडून कळेल. आणि घरात अलीकडे कुणी गेलं असेल तर तेही आधी विचारून घ्या. आमच्या सूनबाईंचे आजोबा वर्षभरापूर्वी गेले होते. मी "आजी-आजोबांचा आशीर्वाद" असं लिहिलं होतं, ते त्या फोनमुळेच टळलं.