डेटा तुटपुंजा असताना सपोर्ट टीमचे ओकेआर कसे लिहावेत?

प्रश्न: आम्ही मिक्सर आणि गॅस शेगडीचे सुटे भाग ऑनलाइन विकतो. सपोर्टला चार जण आहोत. व्हॉट्सॲप, मेल आणि फोन मिळून दिवसाला 40-50 तक्रारी येतात, पण रेटिंग महिन्याला वीसेक लोकच देतात. जुना डेटा जवळजवळ नाहीच. साहेबांनी पुढच्या तिमाहीचे ओकेआर, म्हणजे एक उद्दिष्ट आणि ते गाठलं का हे दाखवणारे मोजके आकडे, मागितलेत. काय लिहू?

उत्तर:

‘समाधानाचं रेटिंग 80 वरून 90 टक्क्यांवर नेऊ’ एवढं मात्र लिहू नका. वीस जणांपैकी सोळा खूश असले तर 80 टक्के दिसतात, पण इतक्या कमी उत्तरांवरून खरा आकडा साधारण 58 ते 92 च्या दरम्यान कुठेही असू शकतो. एका माणसाचं मत फिरलं की पाच टक्के इकडचे तिकडे. टीमने जीव तोडून काम केलं तरी आकडा खाली येईल, किंवा काहीच न करता वर जाईल. रेटिंगमधल्या टिप्पण्या जरूर वाचा, टक्केवारीला लक्ष्य बनवू नका.

तुमच्याकडे रेटिंग कमी आहेत, तक्रारी भरपूर आहेत. दोन आठवड्यांत पाचशेच्या वर होतील. तिमाहीचे पहिले दोन आठवडे फक्त त्या नोंदवण्यासाठी ठेवा आणि साहेबांना तसं आधीच सांगून टाका. गूगल शीट पुरे: तारीख, मोबाइल नंबर, ऑर्डर नंबर, कारण, आणि याच कामासाठी ग्राहक सात दिवसांत पुन्हा आला का. कारणं सात-आठच ठेवा आणि ड्रॉपडाउनमधूनच निवडायला लावा, नाहीतर प्रत्येक जण आपापल्या शब्दांत लिहील आणि मोजताच येणार नाही. पहिल्या आठवड्याच्या शेवटी तीस तक्रारी काढून दोघांना एकमेकांचं न बघता कारण लिहायला सांगा. पाच-सहापेक्षा जास्त ठिकाणी फरक पडला तर व्याख्या कच्च्या आहेत, त्या एकत्र बसून नीट लिहून काढा. ‘इतर’चा ढीग फार वाढला तरी यादी चुकली असं समजा.

आता समजा, या दोन आठवड्यांत 1,200 ऑर्डरी गेल्या आणि त्यातल्या 96 जणांनी ‘पार्ट बसत नाही’ म्हणून कळवलं. म्हणजे 100 ऑर्डरींमागे 8. त्या 96 चॅट एकेक करून वाचा. बहुतेकदा दिसतं ते असं: ग्राहकाने कंपनीचं नाव बघून कपलर मागवलेला असतो आणि मॉडेल नंबर मिक्सरच्या बुडाशी, स्टिकरवर असतो. तो कुणी उलटा करून बघत नाही. तुमची माणसं रोज तोच फोटो मागवतात, तेच उत्तर टाइप करतात. हे पक्कं झालं की उद्दिष्ट आपोआप सुचतं: ‘ग्राहकाला पहिल्याच ऑर्डरला योग्य पार्ट मिळावा.’

त्याखाली मोजण्यासारख्या तीनच गोष्टी लिहा. पहिली, ‘बसत नाही’ या तक्रारी 100 ऑर्डरींमागे 8 वरून तिमाहीच्या शेवटच्या महिन्यात 5 वर. दुसरी, एकाच कामासाठी सात दिवसांत पुन्हा येणाऱ्या ग्राहकांचं प्रमाण तुमच्या नोंदीतल्या आकड्यावरून एक-चतुर्थांशाने कमी. तिसरी, कामाच्या वेळेत आलेल्या दहापैकी नऊ मेसेजना दोन तासांत माणसाने लिहिलेलं पहिलं उत्तर. इथे सरासरी वेळ घेऊ नका, रविवारी पडून राहिलेला एक मेल अख्खी सरासरी बिघडवतो. ‘स्टिकरचा फोटो दाखवणारं पान बनवणे’ हे काम आहे, ते कामांच्या यादीत जाऊ द्या. पान बनूनही तक्रारी तेवढ्याच राहू शकतात.

ऑर्डरींमागे मोजायचा आग्रह मी मुद्दाम धरतोय. दिवाळीच्या आधी मिक्सरचं काम वाढतं, तक्रारींचा नुसता आकडा फुगतो आणि टीम हरल्यासारखी दिसते. आणि 8 चे 7 झाले तर लगेच पेढे वाटू नका. तुमच्या आकारमानात पंधरवड्याला एवढा चढउतार काही न करताही होतो. सलग दोन पंधरवडे 6 किंवा त्याखाली राहिले, तर सुधारणा खरी मानायला हरकत नाही.

दुसरं आणि तिसरं लक्ष्य जोडीने ठेवण्यामागेही कारण आहे. नुसता वेग मोजला की ‘आपली तक्रार नोंदवली आहे’ असं पाठवून मोकळं होण्याची सवय लागते. मग ग्राहक दोन दिवसांनी परत येतो आणि दुसऱ्या आकड्यात पकडला जातो. हे आकडे पगारवाढीशी मात्र जोडू देऊ नका. नोंदी तुमचीच माणसं हाताने करतात, पैसे लागले की ‘बसत नाही’ची तक्रार हळूच ‘इतर’मध्ये जाऊन बसते. साहेब ऐकत नसतील तर निदान दर सोमवारी वीस नोंदी मूळ चॅटशी स्वतः ताडून बघा.

तिमाहीच्या मध्यावर 5 चं लक्ष्य अशक्य किंवा फारच सोपं वाटलं, तर कारण लिहून आकडा बदला. पहिलीच तिमाही आहे, साहेबांना ते चालेल. मोजायची व्याख्या मात्र मध्येच बदलू नका, नाहीतर आधीच्या आठवड्यांच्या नोंदींशी तुलनाच करता येणार नाही.