शेवटचं बोलणं कधी झालं, तिथून दिवस मोजा

प्रश्न: मित्र आणि नातेवाइकांशी संपर्क राहावा म्हणून यादी केली, मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये रिमाइंडर लावले. दोन महिन्यांत सगळं बंद पडलं. कुणाला जमलेली पद्धत आहे का?

माझंही कॅलेंडर असंच बंद पडलं होतं. दर महिन्याच्या पाच तारखेला आत्याला फोन, असं रिमाइंडर होतं. आत्याचाच तीन तारखेला फोन येऊन गेला तरी पाचला घंटी वाजायची आणि मी ती बंद करायचे. चार-पाच वेळा असं झालं की हात आपोआप सगळ्याच घंट्या बंद करायला लागतो. शेवटचं बोलणं कधी झालं हे कॅलेंडरला कळत नाही आणि आपल्याला तर तेवढंच मोजायचं असतं.

आता माझ्याकडे गूगल शीटमध्ये एकच तक्ता आहे. A मध्ये नाव, B मध्ये किती दिवसांनी बोलायचं, C मध्ये शेवटी बोललो ती तारीख आणि D मध्ये हे सूत्र:

```
=(TODAY()-C2)/B2
```

D मध्ये 1 आला की वेळ झाली. मोठा आकडा वर येईल असा क्रम लावायचा. नुसते उशिराचे दिवस न मोजता भागाकार का करायचा, ते सांगते. आत्याचं अंतर 15 दिवसांचं आणि बोलून 24 दिवस झालेत, म्हणजे उशीर 9 दिवसांचा. नागपूरच्या मैत्रिणीचं अंतर 90 आणि बोलून 110 दिवस झालेत, म्हणजे उशीर 20 दिवसांचा. दिवस पाहिले तर मैत्रीण वर येते. भागाकार केला तर आत्या 1.6 आणि मैत्रीण 1.2. वाट आत्या जास्त बघत असते, त्यामुळे हाच क्रम खरा.

C मध्ये तारीख हातानेच भरा (कॉम्प्युटरवर `Ctrl+;` दाबलं की आजची तारीख येते). मी सुरुवातीला तिथे `=TODAY()` लिहिलं होतं. ते रोज बदलतं, त्यामुळे D कायम शून्य राहिला आणि आठवडाभर मला वाटत होतं की सगळं वेळेवर चाललंय. C रिकामा सोडला तर उलट होतं, आकडा शेकड्यांत नाहीतर हजारांत जातो. पहिल्या दिवशी सगळ्यांपुढे आजचीच तारीख टाकू नका, नाहीतर 15 दिवसांचं अंतर असलेली सगळी माणसं 15 दिवसांनी एकदम वर येतील. कॉल लॉग बघून खरी तारीख भरा, अंदाजे असली तरी चालेल.

यादी बंद पडण्याचं मोठं कारण मात्र अंतरं ठरवण्यात असतं. माझ्या यादीत 42 जण होते आणि मायेपोटी मी सगळ्यांना 15 दिवस दिले होते. म्हणजे महिन्याला 84 फोन. ऐरोलीचं ऑफिस करून ठाण्याला परतणाऱ्या माणसाला हे शक्य नाही. मग 6 जणांना 15 दिवस, 12 जणांना 30, 18 जणांना 90 आणि उरलेल्या 6 जणांना 180 दिले. महिन्याचे फोन झाले 31, रोज साधारण एक. तुमचा आकडा असा काढा (42 नावं असतील तर):

```
=SUMPRODUCT(30/B2:B43)
```

तो झेपेल इतका होईपर्यंत अंतरं वाढवा. माझा रोजचा एक फोन स्टेशनवरून चालत घरी येताना तलावपाळीच्या कडेने होतो. लोकलमध्ये मी करत नाही, गर्दीत आत्याला तीनदा "काय म्हणालीस गं?" विचारावं लागतं.

बोलणं कशाला म्हणायचं, हेही आधी ठरवा. फोन कोणीही केलेला असो, तारीख भरायची. व्हॉट्सअॅपवर खरीखुरी विचारपूस झाली तरी भरायची. सुप्रभात आणि वाढदिवसाचा केक मी धरत नाही. उचलला न गेलेला फोनही धरत नाही. एखादं नाव सलग तीन वेळा 2 च्या वर गेलं तर त्याचं अंतर मी वाढवते, कारण आमच्या दोघांचं आयुष्य त्या वेगाने चालत नाही हे दिसलेलं असतं.

E मध्ये पुढच्या वेळी काय विचारायचं ते एका ओळीत लिहिते. आत्यापुढे होतं, "दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू, डॉक्टरांनी कधी बोलावलंय?" फोन लागल्यावर मी तेच विचारलं आणि ती म्हणाली, "बुधवारी गं. तुला बरं लक्षात राहिलं!" अशा नोंदी घरगुती असतात, म्हणून ही शीट ऑफिसच्या खात्यात ठेवू नका.

अंतर कायमचंही धरू नका. एका मित्राचे वडील गेले तेव्हा तो माझ्या यादीत 90 वर होता. पहिले दिवस घर माणसांनी भरलेलं असतं, तेराव्यानंतर पाहुणे जातात आणि फोनही थांबतात. त्या दिवशी मी त्याच्या 90 चे 10 केले. तीन महिन्यांनी 45 केले आणि आजही ते तेवढेच आहेत.