बीपीच्या तीन गोळ्या, रात्रीचं घोरणं आणि होल्टरमधला गॅप

प्रश्न: बाबांना बीपीच्या तीन गोळ्या चालू आहेत तरी सकाळी 160/100 च्या आसपास असतं. रात्री प्रचंड घोरतात, मधेच श्वास बंद पडल्यासारखं होतं मग दचकून परत चालू. आता होल्टरमध्ये रात्रीचे ठोके अनियमित आलेत. घोरण्याचा आणि हार्टचा खरंच काही संबंध असतो का? डॉक्टर स्लीप स्टडी करा म्हणतायत, करू का?

उत्तर:

करा. आणि संबंध असतो, चांगलाच असतो. मी डॉक्टर नाही, पुण्यातल्या एका स्लीप लॅबमध्ये टेक्निशियन आहे, म्हणजे पेशंट आत झोपतो आणि मी बाहेर रात्रभर स्क्रीनकडे बघत बसतो. त्यामुळे औषधाचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, पण रात्री नक्की काय होतं ते मी सांगू शकतो कारण ते माझ्या डोळ्यांसमोर चाललेलं असतं.

हडपसरच्या एका काकांचं सांगतो (ओळख पटू नये म्हणून थोडं बदललंय), कारण त्यांची केस जवळपास तुमच्या बाबांसारखीच होती. वय 54, टेल्मिसार्टन, अ‍ॅम्लोडिपिन आणि एक लघवीची गोळी अशा तीन गोळ्या चालू, तरी घरच्या मशीनवर सकाळी 158/98 आणि संध्याकाळी मात्र 140/88. होल्टरमध्ये, म्हणजे अंगाला लावून दिवसरात्र ठोके नोंदवणाऱ्या मशीनमध्ये, पहाटे पावणेचारला 3.2 सेकंदांचा पॉज, म्हणजे तेवढा वेळ ठोकाच नाही, आणि मधे मधे एएफचे छोटे तुकडे, एएफ म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात तो प्रकार. घरात कोणीतरी पेसमेकरचा विषय काढला होता त्यामुळे काकू येतानाच घाबरलेल्या. काका मात्र म्हणाले मला झोप मस्त लागते हो, फक्त रात्री तीनदा लघवीला उठावं लागतं, वय झालं.

आता त्यांच्या रेकॉर्डिंगमधला एकच श्वासाचा पॉज घ्या. उताणे झोपलेले, रेम झोप, म्हणजे स्वप्नांची झोप, ज्यात अंगातले बहुतेक स्नायू सैल पडतात आणि घशाचेही पडतात. जीभ आणि पडजिभेमागचा भाग मागे येऊन चिकटतो, रसवंतीत कागदी स्ट्रॉ ओला झाला की ओढता ओढता चपटा होतो ना, तसं. नाकाखालच्या सेन्सरची रेघ सपाट. पण छातीला आणि पोटाला लावलेले पट्टे हलतायत, छाती आत तर पोट बाहेर असे उलटसुलट, कारण माणूस श्वास ओढायचा प्रयत्न करतोय पण हवा जात नाही. दहा सेकंदांपेक्षा जास्त झालं की आम्ही त्याला अ‍ॅप्निया म्हणून मार्क करतो, काकांचा हा 40 सेकंद चालला.

या 40 सेकंदांत ईसीजीवर बघण्यासारखं असतं. आधी नाडी मंदावते, काकांची 64 वरून 48 वर आली, कारण ऑक्सिजन कमी होतोय आणि फुप्फुसं फुगत नाहीयेत अशा वेळी शरीर व्हेगस नावाच्या नर्व्हमधून हार्टला ब्रेक लावतं. त्याच वेळी मानेतल्या रक्तवाहिनीजवळची एक बारीकशी गाठ, कॅरोटिड बॉडी, ऑक्सिजन घसरतोय हे ओळखून मेंदूला कळवते आणि हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळायला लागतात. मग मेंदू तीन-चार सेकंदांसाठी जागा होतो, घसा उघडतो, घर्रर्र करून श्वास येतो आणि नाडी 48 वरून एकदम 95. आवळलेल्या रक्तवाहिन्यांमध्ये हार्ट आता दणादण रक्त ढकलतंय, म्हणजे बीपी नेमकं या क्षणी उसळतं, श्वास सुरू झाल्यावर. बोटाच्या ऑक्सिमीटरवरचा आकडा तर याच्याही नंतर सगळ्यात खाली जातो कारण फुप्फुसातलं रक्त बोटापर्यंत पोचायला वेळ लागतो, त्यामुळे नवीन पोरं लॅबमध्ये येतात ती गोंधळतात, श्वास तर चालू झाला मग ऑक्सिजन 74 कसा.

बीपी उसळतं हे अंदाजाने सांगत नाहीये. 1995 साली अमेरिकेत आयोवा विद्यापीठाच्या लोकांनी अशा पेशंटच्या पायातल्या नर्व्हमध्ये सुई घालून सिम्पथेटिक नर्व्हचे, म्हणजे रक्तवाहिन्या आवळणाऱ्या नर्व्हचे सिग्नल झोपेत मोजले. जागेपणी सरासरी बीपी 92 होतं (हे वरचं-खालचं मिळून काढलेलं मीन प्रेशर), ते रेम झोपेत श्वासाच्या पॉजच्या शेवटी 127 पर्यंत गेलं. आणि हेच लोक दिवसा जागे, निवांत पडलेले असतानाही त्यांच्या नर्व्हचे सिग्नल इतरांपेक्षा जास्त होते. तुमच्या प्रश्नातली मुख्य गोष्ट हीच आहे. काकांना तासाला 46 वेळा असं होत होतं, सहा तासांची झोप धरली तर पावणेतीनशे वेळा. सुदृढ माणसाचं बीपी झोपेत 10 ते 20 टक्के उतरतं, रक्तवाहिन्यांना तेवढीच विश्रांती, यांचं ते उतरतच नाही, कधी कधी दिवसापेक्षा जास्त असतं, आणि मग सकाळी उठल्या उठल्या 158. दवाखान्यात दुपारी बारा वाजता मोजलं तर ठीकठाक येतं आणि सगळे निश्चिंत. तुमच्या बाबांचं 24 तासांचं बीपी रेकॉर्डिंग झालं नसेल तर ते करता येईल का विचारा, रात्रीचे आकडे बघा.

रात्री तीनदा लघवीला उठण्याचं पण कोडं इथेच सुटतं. बंद घशाविरुद्ध श्वास ओढला की छातीच्या आत प्रचंड ओढ तयार होते आणि हृदयाचे वरचे कप्पे, ज्यांच्या भिंती पातळ असतात, ते ताणले जातात. ताणले की ते एक हार्मोन सोडतात जे किडनीला सांगतं पाणी बाहेर काढ. प्रोस्टेटवर खापर फुटतं. (प्रोस्टेटही असू शकतो, तपासून घ्या.)

तोच ताण ठोक्यांनाही बिघडवतो. वरचे कप्पे रोज रात्री शेकडो वेळा ताणले जातायत, ऑक्सिजन खालीवर होतोय, आधी व्हेगसचा ब्रेक आणि लगेच सिम्पथेटिकचा अ‍ॅक्सिलरेटर, यात कप्प्याच्या भिंतीत भलत्याच ठिकाणाहून ठोका उठतो आणि एएफ सुरू व्हायला निमित्त मिळतं. काही वर्षं असंच चाललं की कप्पा मोठा होतो, भिंतीत वण पडल्यासारखे तंतू तयार होतात आणि मग एएफला निमित्ताचीही गरज उरत नाही. काकांचा 3.2 सेकंदांचा गॅप मात्र ब्रेकचा भाग होता. आमच्याकडच्या रात्री पण असाच एक गॅप आला, आणि आला तो बरोबर रेममधल्या एका लांब अ‍ॅप्नियाच्या शेपटाला. होल्टरमध्ये हे दिसत नाही कारण होल्टर फक्त ठोके बघतो, श्वास नाही. म्हणून रात्री झोपेत असे गॅप आले आणि दिवसा चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी असं काही नसेल तर आधी स्लीप अ‍ॅप्निया शोधा, नुसत्या झोपेतल्या गॅपसाठी पेसमेकर बसवू नका, असं अमेरिकेच्या हार्ट संघटनांच्या 2018 च्या गाइडलाइनमध्येच आहे. दिवसा जागेपणी चक्कर येऊन पडत असतील तर तो विषय पूर्ण वेगळा, मग थांबू नका.

पुढे काय झालं ते पण सांगतो, कारण लोकांना वाटतं मशीन लावलं की सगळं गायब. दुसऱ्या एका रात्री काकांना सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन, लावून प्रेशर ठरवलं, 11 ला घसा उघडा राहायला लागला. त्या रात्री एकही गॅप नाही आणि लघवीला एकदाच उठले. तीन महिन्यांनी सकाळचं बीपी 142 च्या आसपास, गोळ्या मात्र तीनच्या तीन. एवढा फरक प्रत्येकाला पडत नाही हं, अभ्यासांत सरासरी दोन-तीन पॉइंटच उतरतं, ज्यांचं बीपी तीन गोळ्यांनाही दाद देत नाही आणि जे मशीन रोज नीट वापरतात त्यांचं त्यातल्या त्यात जास्त. एएफचं तर अजून गुंतागुंतीचं आहे. 2003 च्या मेयो क्लिनिकच्या एका छोट्या अभ्यासात शॉक देऊन ठोके नॉर्मल केल्यावर वर्षभरात एएफ परत आला तो अ‍ॅप्नियावर उपचार न घेणाऱ्यांपैकी 82 टक्क्यांना आणि घेणाऱ्यांपैकी 42 टक्क्यांना, पण नंतर नीट चिठ्ठ्या टाकून गट पाडले तशा छोट्या ट्रायल्समध्ये मशीनने एएफ कमी झालेला दिसला नाही. काकांना रक्त पातळ करायची गोळी चालू केली ती चालूच आहे, ती वय, बीपी, शुगर वगैरे बघून ठरते, मशीन लावलं म्हणून बंद होत नाही.

आणि 2016 ची सेव्ह नावाची मोठी ट्रायल, ज्यात आधीच हार्टचा किंवा पॅरालिसिसचा आजार असलेले लोक होते, तिच्यात सीपॅपने पुढचे अटॅक कमी झाले नाहीत. पण त्यात लोकांनी मशीन वापरलं सरासरी 3.3 तास. माझ्या मते हा आकडा विसरू नये, कारण रेम झोप बरीचशी पहाटे असते आणि लोक मास्क काढून फेकतात तेही रात्री दोनच्या पुढेच. नाक कोरडं पडतं, मास्कमधून हवा डोळ्यांत जाते, मग नको वाटतं. मास्कचा साइज बदलून घेता येतो, ह्युमिडिफायर लावता येतो, तेवढी कटकट दुकानदाराशी हक्काने करा.

एक फरक लक्षात ठेवा, बाबांचं हार्टचं पंपिंग कमी असेल तर श्वासाचे पॉज दुसऱ्या प्रकारचे, म्हणजे मेंदूकडूनच श्वासाचा हुकूम न येण्याचे, असू शकतात. त्यात छाती-पोटाचे पट्टेही सपाट असतात आणि उपचार वेगळा असतो. म्हणून ऑनलाइन मशीन मागवून स्वतःच लावू नका, आणि टूडी इको झाला असेल तर तो रिपोर्ट दाखवा.

तोपर्यंत घरी एवढं करा. बाबा झोपल्यावर पहाटे चार-पाचच्या सुमारास दहा मिनिटांचा व्हिडिओ काढा, छाती आणि पोट दिसेल असा, आवाजासकट. रात्रीची दारू किंवा स्वतःहून घेतलेली झोपेची गोळी बंद, दोन्हींनी घसा अजून सैल पडतो. डॉक्टरांनीच झोपेची गोळी दिलेली असेल तर विचारल्याशिवाय बंद करू नका. कुशीवर झोपवा. टेस्टच्या दिवशी दुपारची झोप नको (पुण्यात हे सांगणं जिवावर येतं पण सांगावं लागतं), बीपीच्या गोळ्या नेहमीच्या वेळेला घेऊनच या, होल्टरचा रिपोर्ट आणा म्हणजे वेळा जुळवून बघता येतात, आणि डोक्याला तेल लावू नका, इलेक्ट्रोड रात्रभर निघत राहतात आणि मग मला दर तासाला आत येऊन त्यांना उठवावं लागतं.