वाटणी, प्रत आणि खोळंबा

‘डेटाबेसवरच्या एका अनुवादित लेखात शार्डिंगला “विभाजन”, रेप्लिकेशनला “प्रतिकरण” आणि टू-फेज कमिटमधल्या ब्लॉकिंगला “अवरोध” म्हटलंय. पहिल्या दोन्हींत डेटा अनेक मशीनवरच जातो, मग दोन शब्द कशाला? आणि “अवरोध” पटतो का?’

शार्डिंगला मी ‘वाटणी’ म्हणेन. ‘विभाजन’ पार्टिशनिंगसाठी आधीच रुळलंय, आणि पार्टिशन एकाच मशीनवरही असू शकतात. वाटणी म्हटलं की चुली वेगळ्या झाल्या हे निराळं सांगावं लागत नाही. थोरल्याच्या वाट्याचं शेत धाकट्याकडे नसतं, तसं पहिल्या शार्डवरचं खातं दुसऱ्यावर नसतं. रेप्लिकेशन म्हणजे सातबाऱ्याच्या प्रती: शेत एकच, कागद तीन ठिकाणी. त्याला ‘प्रती ठेवणं’ पुरे, ‘प्रतिकरण’ कशाला? डेटा किंवा लिहिण्याचा भार एका मशीनला पेलेना की वाटणी करतात. मशीन मेलं तरी काम चालावं म्हणून प्रती ठेवतात. मोठ्या व्यवस्थांत दोन्ही असतं, म्हणजे प्रत्येक वाटणीच्या पुन्हा प्रती.

घोळ तुमचा एकट्याचा नाही. शार्ड म्हणजे मुळात फुटक्या भांड्याचं खापर. 1997च्या ‘अल्टिमा ऑनलाइन’ या खेळात सर्व्हरना शार्ड म्हणत, आणि तिथे प्रत्येक शार्डवर त्या जगाची अख्खी प्रत होती!

खरा फरक मात्र मराठीतल्या दुसऱ्याच जोडीत दिसतो: बहुमत आणि एकमत. तीन प्रतींपैकी दोघींनी नोंद घेतली तर पुढे जाता येतं, कारण तिसरीला तीच नोंद नंतर उतरवून घेता येते. वाटण्यांना ही सोय नाही. मीनाच्या खात्यातून 500 रुपये सुरेशच्या खात्यात जायचे आहेत. तिचं खातं पहिल्या शार्डवर, त्याचं दुसऱ्यावर. दोघांपैकी एकच ‘हो’ म्हणाला तर पैसे हवेत विरतील किंवा आकाशातून पडतील. म्हणून एकमत लागतं, आणि ते घडवायला टू-फेज कमिट.

पहिल्या फेरीत समन्वयक दोन्ही शार्डना ‘तयार आहात का?’ असं विचारतो. शार्ड आपला बदल डिस्कवर लिहितो, त्या ओळींना कुलूप घालतो आणि ‘तयार’ म्हणतो. याला मी ‘शब्द देणं’ म्हणतो. शब्द देण्याआधी शार्डला एकट्याच्या मर्जीने माघार घेता येते, दिल्यावर नाही. दुसऱ्या फेरीत समन्वयक ‘पक्कं’ किंवा ‘रद्द’ असा निर्णय आधी स्वतःच्या लॉगमध्ये लिहितो, मग सगळ्यांना कळवतो.

आता दोघांनीही शब्द दिलाय आणि समन्वयक बंद पडला. पहिल्याने दुसऱ्याला विचारलं, तर तोही म्हणतो, ‘मला काही कळवलेलं नाही.’ मग दोघांनी मिळून रद्द का करू नये? कारण समन्वयकाने लॉगमध्ये ‘पक्कं’ लिहून मीनाच्या फोनवर ‘पैसे पाठवले’ असं कळवलंही असेल. पक्कं का करू नये? कारण तो निर्णय लिहिण्याआधीच गेला असेल, आणि उठल्यावर रद्द म्हणेल. कितीही वेळ वाट पाहिली तरी या दोन शक्यता वेगळ्या ओळखता येत नाहीत, त्यामुळे टाइमआउट लावून उपयोग नाही. समन्वयक परत येईपर्यंत कुलपं तशीच राहतात, आणि मीनाची ओळ बदलू पाहणारा प्रत्येक व्यवहार रांगेत उभा राहतो.

म्हणून ‘अवरोध’ मला पटत नाही. अवरोध म्हटला की वाटेत पडलेली दरड डोळ्यांपुढे येते. इथे वाट मोकळी आहे, दोन्ही शार्ड धडधाकट आहेत. तिसऱ्याच्या एका शब्दासाठी ते अडून बसलेत. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: खोळंबा. थांबणारा आपल्या मनाने थांबू शकतो, खोळंबणारा दुसऱ्यामुळेच खोळंबतो.

उपाय गमतीशीर आहे: वाटणीने आणलेला खोळंबा प्रतींनी सुटतो. गूगलच्या स्पॅनर या डेटाबेसमध्ये समन्वयक हे एकटं मशीन नसून पॅक्सॉस या बहुमताच्या पद्धतीने बांधलेला प्रतींचा गट असतो. एक गेला तर निर्णयाची नोंद असलेला दुसरा पुढे येतो. त्या गटातले बहुसंख्य एकदम गेले तर मात्र खोळंबा आहेच.

पोस्टग्रेसमध्ये `PREPARE TRANSACTION` वापरत असाल तर तो असा दिसतो:

```sql
SELECT gid, prepared, database
FROM pg_prepared_xacts;
```

यात तासाभरापूर्वीची ओळ दिसली तर कुणीतरी शब्द देऊन ताटकळलंय. सर्व्हर रीस्टार्ट करून ती जात नाही. शब्द डिस्कवर आहे, जायलाच नको. `COMMIT PREPARED` किंवा `ROLLBACK PREPARED` हाताने देता येतं, पण आधी समन्वयकाचा लॉग वाचा. मी एकदा घाईत न वाचताच रोलबॅक दिला होता. दुसऱ्या शार्डवर तोच व्यवहार पक्का झालेला निघाला, आणि पुढचे दोन दिवस हिशेब जुळवण्यात गेले.