पपईचा रस आणि भाऊजींचा फॉरवर्ड

प्रश्न: फॅमिली ग्रुपवर आलेला आरोग्याचा चुकीचा फॉरवर्ड दुरुस्त करून परत पाठवावा का? कसा लिहावा म्हणजे लोक वाचतील?

पाठवा. फक्त "हे सगळं खोटं आहे" असं लिहू नका. मी तेच लिहिलं आणि तिथेच हरले.

मी २६ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढली. पावसाळा संपता संपता डेंग्यूची रांग लागायची आणि प्रत्येकाचा एकच प्रश्न, "प्लेटलेट किती?" आमच्या ग्रुपवर भाऊजींनी, म्हणजे ताईच्या यजमानांनी टाकलेला मेसेज असा होता: पपईच्या पानांचा रस प्या, ३ तासांत प्लेटलेट ६८ हजारांवरून २ लाख, डेंग्यूवर रामबाण, डॉक्टर हे कधीच सांगणार नाहीत. मी खाली "खोटं" लिहिलं. त्यांनी लगेच कुठल्याशा अभ्यासाची बातमी चिकटवली. बातमी खरी होती. काही छोट्या अभ्यासांत त्या रसाने किंवा गोळीने प्लेटलेट थोड्या लवकर वाढलेल्या दिसल्या आहेत. म्हणजे मीही अतिशयोक्तीच केली होती, फक्त उलट्या बाजूने. ग्रुपवर हसायच्या इमोजींचा पाऊस पडला.

त्यानंतर १५ दिवसांत त्यांच्याच घरी भाच्याला डेंग्यू झाला. पाचव्या दिवशी ताप उतरला आणि घरात सगळे सुटलो म्हणाले. रस चालूच होता. त्याला उलट्या व्हायला लागल्या, तर ताई म्हणाली, "कडू आहे ना, पोटात ठरत नाही." मी फोनवर विचारलं, पोट दुखतंय का, लघवी कधी झाली? पोट सकाळपासून दुखत होतं आणि लघवी आठ तासांत झाली नव्हती. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या.

डेंग्यूतला धोक्याचा काळ बहुधा ताप उतरताना सुरू होतो आणि एक-दोन दिवस टिकतो. तेव्हा रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपतं, रक्त घट्ट होतं, बीपी पडू शकतं. रिपोर्टमध्ये ते प्लेटलेटच्या आकड्यात नाही, पीसीव्हीच्या, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींच्या टक्केवारीच्या आकड्यात दिसतं. प्लेटलेट पडताहेत आणि पीसीव्ही चढतोय, अशी जोडी दिसली की आम्ही लॅबमधून डॉक्टरांना स्वतः फोन करायचो. भाच्याचा तसाच होता. सलाईन मोजून दिलं, चौथ्या दिवशी तो घरी आला. प्लेटलेट भरायची वेळ आली नाही. रक्तस्राव नसेल तर आकडा बराच खाली गेला तरी सहसा येत नाही.

त्याच दिवसांत प्लेटलेट आपोआप चढतातही. सहाव्या-सातव्या दिवशी रस प्यायलात तर श्रेय रसाला, ताक प्यायलात तर ताकाला. ३ तासांत २ लाखांचं म्हणाल, तर पहिल्या नमुन्यात प्लेटलेटचे गोळे झाले असतील आणि मशीनने कमी मोजल्या असतील, असा संशय मला आधी येईल. म्हणून तर स्लाईड बघायची असते.

मग मी नवा मेसेज लिहिला. भाऊजींच्याच मेसेजचा सांगाडा ठेवला, दावे बदलले:

"पपईच्या पानांच्या रसाने प्लेटलेट थोड्या लवकर वाढू शकतात, असं काही छोट्या अभ्यासांत दिसलंय. त्याने जीव वाचतो किंवा रक्तस्राव टळतो, हे सिद्ध नाही. तापाला फक्त पॅरासिटामॉल, तेही सांगितल्या मापात. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको. पाणी, ओआरएस, पेज घेत राहा. ताप उतरल्यावर जास्त सावध राहा: पोटात जोरात दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्या किंवा नाकातून रक्त, सुस्ती किंवा तगमग, सहा तासांत लघवी न होणं, यातलं एकही दिसलं तर रात्र असली तरी दवाखाना. रस पिऊन उलटी झाली, तर ती रसाचीच असेल असं धरून बसू नका."

शेवटचं वाक्य कुठल्याच पुस्तकातलं नाही, ताईच्या स्वयंपाकघरातलं आहे. आणि लोकांच्या लक्षात तेच राहिलं. म्हणून म्हणते, चुकीच्या मेसेजने घरात नेमका कुठे घोळ होतो ते शोधा आणि दुरुस्ती तिथे करा. "डॉक्टर सांगणार नाहीत" हे मात्र सरळ कापा, त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

हां, मी डॉक्टर नाही, टेक्निशियन. पाठवण्याआधी मजकूर आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवला होता, तुम्हीही दाखवा. लहान मूल, गरोदर बाई किंवा मधुमेही घरात असेल तर वरच्या लक्षणांची वाटही बघू नका, पहिल्याच तापात न्या.

भाऊजींनी माझा मेसेज पुढे पाठवला. वर स्वतःची ओळ घालून: "पपईचा रस उत्तमच, अनुभव घेतलाय, पण हेही वाचा." ती ओळ काढा म्हणून मी दोन दिवाळ्या सांगतेय. ते म्हणतात, "मग पोराच्या प्लेटलेट वाढल्या कशा?"